एक लाखाचं पोस्टर

कारंजा लाडजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिली हॅकेथॉन, म्हणजे टीमनी दिवसरात्र बसून काहीतरी नवं बनवायची स्पर्धा, ठरली आणि ऋषिकेशनं त्याच दुपारी पोस्टर बनवून सगळ्या ग्रुपवर टाकलं. वर मोठ्या पिवळ्या अक्षरात लिहिलं होतं : बक्षिसं एक लाख! रिठद गावचा हा पोरगा शेवटच्या वर्षाला होता. हुशार, पण आधी बोलून मग विचार करणारा.

बजेट त्याच्याच वर्गातल्या ज्योत्स्नाकडे होतं. तिनं मोबाइलवरचं पोस्टर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "लाख कोठून आणतं?"

"डाळमिलवाले दौलतरावकाका पंच्याहत्तर हजार देऊन राह्यले. बाकीचं होते."

"बाकीचं होते म्हंजे? झाडाले लागते का?"

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. वीस टीम, ऐंशी पोरं; मेन्टर आणि स्वयंसेवक धरून शंभर माणसं. दोन जेवणं, दोन नाश्ते, चहा असे तीस हजार. हॉल कॉलेजचा, फुकट. पण जनरेटर, जास्तीची वायरिंग आणि गाद्या मिळून बारा. पुण्याहून येणाऱ्या दोन मेन्टरचं जाणंयेणं आणि राहणं दहा. प्रमाणपत्रं, बॅनर चार. अडीअडचणीला चार. एकूण साठ हजार, आणि यात बक्षिसाचा एक रुपया नाही. जमेला कॉलेजचे तीस आणि वीस टीमच्या फीचे दहा, असे चाळीस.

"वीस कमी," ऋषिकेश म्हणाला.

"आणि तुह्या काकांनं अट घातली, पैसे फक्त बक्षिसाले. पोरं काय चेक खातीन?"

प्रभारी असलेल्या जगदेव सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "प्रायोजकाला विचारा. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा पैसा दुसऱ्या कामाला लागणार नाही. होकार लेखी आणा, मग मी सही करतो. आणि लखपती, तुम्ही पोस्टर काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीनं कारंज्याला दौलतरावांच्या डाळमिलवर गेले. दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"बक्षिसावर नाव दिसते पोरी. जेवणावर कोण नाव वाचते?"

ज्योत्स्ना म्हणाली, "काका, बक्षीस तीन टीमले. जेवण शंभर लोकायले, दोन बखत. भोजनगृहाच्या दारावर तुमचंच नाव लावतो."

दौलतराव पाघळेनात. तेवढ्यात मागच्या टेबलावर पावत्या लावत बसलेल्या ललिताबाई, त्यांच्या पत्नी, वर न पाहताच बोलल्या, "दाराशी डाळीचे पोते थप्पीनं लागले अन् पोरं उपाशी ठिवून बक्षीस वाटता व्हय? लोक काय म्हनतीन, डाळमिलवाल्याकडं वरण नव्हतं?"

दौलतरावांना हसू आलं. हमालसुद्धा हसले.

शेवटी ठरलं ते असं : पंधरा हजारांची तूरडाळ, तांदूळ आणि तेल, साठ हजार चेकनं, त्यातले अर्धे आधी, कारण स्वयंपाक्याला आगाऊ लागतात, आणि पैसे कुठं लावायचे ते पोरांनी ठरवायचं. ज्योत्स्नानं तिथंच कागद लिहून सही घेतली. कॉलेजात परतल्यावर सरांनी सही केली आणि एवढंच बजावलं, की आलेल्या धान्याची किंमत जमेतही धरायची आणि जेवणाच्या खर्चातही, नाहीतर हिशेबाचं पत्रक जुळणार नाही.

आधीचे चाळीस आणि काकांचे पंच्याहत्तर मिळून एक लाख पंधरा हजार झाले; त्यातून साठ हजार खर्च वजा जाता बक्षिसांना पंचावन्न उरले. पंचवीस, अठरा आणि बारा.

आता खरं अवघड काम होतं. "मी कसा सांगू?" ऋषिकेश म्हणाला. "पोरं मले फेकू म्हनतीन."

"म्हनतीन ना. दोन दिवस म्हनतीन."

त्यानं माफीचा मेसेज तीन वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. चौथ्यांदा सरळ लिहिलं : लाखाचा आकडा मी मनानंच टाकला होता, तेवढे पैसे नव्हते, खरी बक्षिसं पंचावन्न हजारांची, ज्यांना नको त्यांची फी परत. चोवीस टीमनी नावं दिली होती, त्यातल्या चार गेल्या.

"चार गेल्या," तो पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला.

"वीसच पायजे होत्या. चोवीस आल्या असत्या तं गाद्या तुह्या घरून आनल्या असत्या."

हॅकेथॉनच्या दिवशी दौलतराव उद्घाटनाला म्हणून आले आणि दुपारी वाढायलाच उभे राहिले. किन्हीराजा गावच्या टीममधल्या पोरी तुरीतला ओलावा मोजायचं यंत्र जोडत होत्या. त्यांच्या पानात वरण घालता घालता काकांनी इतके प्रश्न विचारले, की मागची रांग ओरडू लागली.

सगळे जेवल्यावर ज्योत्स्ना आणि ऋषिकेश बसले. वरणाच्या पातेल्यात तळाशी दोन वाट्या उरल्या होत्या.

"जेवणाच्या हिशेबात स्वयंसेवक धरले होते ना तू?" त्यानं भीत भीत विचारलं.

"पंधरा धरले होते. तू तिघांचं खातं, हे कोनी सांगतलं नाई मले," ती म्हणाली, आणि आपल्या वाटीतलं अर्धं वरण तिनं त्याच्या भातावर ओतलं.