लाल ठिपक्यांची वही

पंचशीला जनवाड्याहून आमच्या बीदरच्या ऑफिसात कामाला आली, त्या दिवशी माझ्या पोटात असा निखारा पडला की त्यावर अख्ख्या ऑफिसाचा चहा उकळला असता. खोटं वाटत असेल तर अजून हात लावून बघा.

साल २०१०. मराठी वेबसाइटींवरचा मजकूर उतरवायचा, साफ करायचा आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी हैदराबादच्या कंपनीला धाडायचा, हे आमचं काम. तिथले साहेब हेड एकालाच करणार होते: वीस वर्षं टायपिंग केलेल्या मला, नाहीतर ह्या पोरीला.

वेबच्या मजकुरात न दिसणारा कचरा फार. ओळ तुटू नये म्हणून घातलेली स्पेस मी नुसती उडवली, तर शब्दाला शब्द चिकटून मालगाडी झाली. पंचशीलाच्या प्रोग्रामनं तिथं साधी स्पेस घातली, शून्य रुंदीची नकोशी भुतं पुसली आणि दहा मिनिटांत मोकळा झाला. साहेब फोनवर तिला ‘शाब्बास’ म्हणाले. वीस वर्षांत मला ‘बरं’ म्हणाले होते.

मग मी तिची साफ केलेली फाइल एका एडिटरात उघडली. लपलेली चिन्हं तो लाल ठिपक्यांनी दाखवतो. ठिपके निघाले सोळाशे बारा. मी प्रत्येकाची ओळ आणि शब्द वहीत उतरवला. चार दिवस डबा उघडला न्हाई.

“अण्णा, काय लिहायलाव?” तिनं विचारलं.

“तुझं कौतुक.”

पाचव्या दिवशी सगळे ठिपके पुसून फाइल माझ्या नावानं धाडली. पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची, हा आम्हा टायपिस्टांचा रिवाज. तिची फाइल आणि मूळ उतरवलेला मजकूर, दोन्ही कायमचे पुसले.

दुपारी साहेबांचा फोन आला. “शेतकर्‍यांच्या डोक्यावर रफार कुणी चढवला? उद्यापर्यंत सुधारा, न्हाईतर बीदरचं काम बंद.”

पंचशीलानं स्क्रीनवरचं ‘शेतकर्यांच्या’ बघितलं. “तुम्ही पुसलं ते जोडणारं चिन्ह होतं, अण्णा. दिसत न्हाई, पण अर्ध्या ‘र’ची आडवी रेघ त्याच्यावरच टिकते. म्हणून मी ठेवलेलं.”

“मग सगळीकडं परत घाल की.”

“सूर्याला, कार्याला रफारच पाहिजे. कुठं घालायचं ते कसं कळणार? मूळ फाइल द्या.”

“ती तर पुसून टाकली,” मी म्हणालो.

मजकूर परत उतरवायला महिना लागला असता, आणि काम बंद झालं तर दोघंही घरी. मी कपाटातून वही काढली. वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पंचशीलाच्या चुका’. तिनं ते वाचलं, पान उलटलं आणि म्हणाली, “सांगा ओळी.”

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. तिच्या प्रोग्रामनं त्या यादीवरून प्रत्येक चिन्ह जागेवर बसवलं. फाइलीबरोबर तिनं ती यादीही धाडली.

“एवढी बारीक नोंद कुणी ठेवलती?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“अण्णांनी,” ती म्हणाली. “त्यांच्यामुळंच वाचलं.”

हेड तीच झाली. माझी चुगली केली असती, तर मला सुखानं जळता तरी आलं असतं. तेवढंही तिनं माझ्याकडं ठेवलं न्हाई.