टाचेतली रेघ

गोडादऱ्याची योगिता पाच हजार मीटर धावायची. राज्याची निवड चाचणी रविवारी होती आणि उजवी टाच महिनाभर ठणकत होती. पहिल्या एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं होतं. मग काय, गोळ्या खायच्या, बुटात मऊ गादी घालायची आणि पळायचं!

आता मात्र पाऊल टेकवेना, म्हणून वडिलांनी, श्रीपतनी, तिला हाडांच्या डॉक्टर मानसीबेनकडे आणलं.

मानसीबेनने टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली. योगिता किंचाळलीच.

"वाढलेल्या हाडाचं दुखणं तळाशी असतं, सकाळी उठल्याबरोबर जास्त. तुझं पळताना वाढतं ना?"

"हो, आणि थांबले तरी राहतं."

दोन्ही पायांचे एक्स-रे या वेळी उभं करून काढले. मानसीबेनने पडद्यावर बोट ठेवलं. "उभी राहिलीस की पायाची कमान बसते, म्हणजे तळवे सपाट आहेत. टाचेखाली हा वाढलेल्या हाडाचा काटा, तसाच डाव्या पायातही आहे. डावा दुखतो?"

"नाही."

"म्हणजे गुन्हेगार काटा नाही. इथे बघ."

टाचेच्या हाडात मागच्या बाजूला एक पांढरी आडवी रेघ होती.

"हाड चिरलंय. सततच्या ताणाने."

योगिताच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं झालं. चिरलेल्या हाडावर ती परवापर्यंत मैदानाच्या फेऱ्या मारत होती! "पण पहिल्या फोटोत नव्हतं हे!"

"ताजी चीर साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. हाड भरून यायला लागलं की अशी रेघ उमटते." मग त्यांनी हळूच विचारलं, "पाळी वेळेवर येते?"

सहा महिने आली नव्हती. वजन उतरलं, कटकट मिटली, असं समजून ती खूश होती. तिने नकारार्थी मान हलवली.

"व्यायाम वाढला, जेवण घटलं. शरीराला पुरलं नाही, म्हणून हाडंही कच्ची पडली असतील. रक्त तपासू."

श्रीपत भिंतीला टेकले. रोज पहाटे तेच तिला मैदानावर सोडायचे. "माय वं! मीच तिला म्हणायचो, दोन पोळ्या कमी खा, हलकी पळशील," ते पुटपुटले.

"रविवारी...?" योगिताने तरी विचारलंच.

"पळालीस तर चीर आरपार जाईल."

रविवारी ती कुबड्या काखेत धरून घरी बसली. मैदानाकडे फिरकलीच नाही. कोण निवडलं गेलं, हेही कुणाला विचारलं नाही. वडील ताटात भाकरीवर भाकरी वाढत राहिले आणि ती मुकाट्याने खात राहिली.

दोन महिन्यांनी टाच दाबली तरी दुखेना. पाळी सुरू झाली. मानसीबेनने आधी फक्त चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी श्रीपत तिच्याबरोबर निघाले, आणि तिच्याआधी तेच दमले.