तौबेचा घाट

मले राग येते. पुसद आगारात कोणालेबी विचारा, नलू कंडक्टरचं नाव काढलं की ड्रायव्हर लोक आधी कानाले हात लावतात. अठरा वर्षं झाली यष्टीत, माह्या जिभेले काही हाड फुटलं नाही. पण त्या गुरुवारचा राग येगळा होता. तो अजून गेला नाही, म्हणून सांगून राह्यली.

किफायत मास्तर उर्दू शाळेतून रिटायर झालेले. दर गुरुवारी असरची, म्हणजे दुपार कललीवरची नमाज झाली की त्यांच्या ओसरीवर आम्ही सात-आठ जणं बसतो, हिंदू कोण अन् मुसलमान कोण हे कोणी विचारत नाही. मास्तर एक जुनी किताब समजावून सांगतात. हजारएक वर्षांपूर्वी कोण्या सुफी बुजुर्गानं अरबीत लिहिलेली, देवाच्या वाटेवर निघालेल्या माणसानं कसं चालावं याची. आमच्यासारख्यांसाठी मास्तरांनी ती नागरी अक्षरात एका जाड वहीत उतरवली. आता त्यांच्या डोळ्यांत पडदा आला, वाचता येत नाही. म्हणून ते म्हणाले, यापुढं वही एकाच्या ताब्यात देतो, त्यानं वाचायचं अन् मी समजावीन.

ती वही मलेच पाहिजे होती. सात वर्षं मी एक गुरुवार चुकवला नव्हता, ड्यूटी बदलून यायची. घरी माणूस नाही, लेकरू नाही, माह्यापाशी होता तो हा गुरुवार. राग घेऊन आली होती मी मास्तरांकडं, का बाप्पा, हा राग मले खाऊन राह्यला, काही करा. वही हातात आली की समजन, मी काही तरी झाली.

आता किताबीतला हिशेब सांगते, थोडक्यात. वाटेवर सात मकाम हायेत. पहिला तौबा, म्हणजे केलेल्या वाईटाकडं पाठ फिरवणं. मग वरअ, म्हणजे ज्याच्यात शंका हाय त्याले हात न लावणं. मग जुहद, मन दुनियेतून काढणं. मग फक्र, म्हणजे आपल्यापाशी काहीच नाही हे कबूल करणं. मग सब्र, मग तवक्कुल म्हणजे देवावर भरोसा, अन् शेवटी रिझा, म्हणजे त्यानं कडू देल्लं तरी मन शांत. मकाम मेहनतीनं कमवा लागते, अन् एकाचं देणं पुरं केल्याशिवाय दुसऱ्यावर पाय ठेवता येत नाही. याहून येगळे ते हाल. ओढ, भीती, आशा, जवळीक, असे दहाएक. ते कमावता येत नाहीत. देवाकडून मनात उतरतात, अन् उतरले तसे जातात. थांबवतो म्हटलं तरी थांबत नाहीत.

हे सारं आम्हाले पाठ होतं. पण पाठ असणं अन् कळणं यात लय फरक.

सलील नावाचा एक पोरगा दोन वर्षांपासून येऊन राह्यलता. यवतमाळचा, पिढ्यान् पिढ्या ऑफिसातलं घराणं, हाही सरकारी कचेरीत. जिक्र, म्हणजे देवाच्या नावाचा जप सुरू झाला की याच्या डोळ्यांतून धारा. कधी थरथर कापे, कधी आडवा पडे. बाकीचे त्याच्या तोंडावर पाणी मारत अन् म्हणत, काय पोहोचलेला माणूस हाय. यवतमाळहून मोटारसायकलवर ये अन् हेल्मेट घालत नसे. काहून, तर म्हणे तवक्कुल. माह्या तळपायाची आग मस्तकात जाय.

तर त्या गुरुवारी वहीचा विषय निघाला अन् सलील हात जोडून म्हणाला, मास्तर, मी रिझापर्यंत आलो, वाचायची सेवा मले द्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनीच त्याले विचारलं. तुह्या कचेरीत मधुवंतीबाईले बढती भेटली, तुले नाही भेटली, तेव्हा तू काय केलं?  सलील हळूच म्हणाला, तक्रार केली. किती? तीन.

मास्तर काही ओरडले नाहीत. म्हणाले, तुले रडू येते ते खरं हाय, खोटं म्हणत नाही मी. पण तो हाल हाय, पाहुणा. पाहुणा घरी येऊन गेला म्हणून त्याचं गाव तुह्यं होत नाही. रिझा असती तर तीन अर्ज कायले लागले असते? सब्रचाच पत्ता नाही बेटा, तवक्कुल तर त्याच्याबी पुढं. हेल्मेट घालत जा. साधन सोडणं म्हणजे भरोसा नव्हे.

मले असं गार वाटलं म्हणून सांगू. चांगली जिरली, म्हटलं. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, तशी मी खुशीत बसली. अन् मास्तरांनी तोंड माह्याकडं वळवलं.

"नलू, घाटातल्या चिंचेखाली उतरवलेल्या बाईकडं तू गेलती का?"

तौबेच्या अटी हायेत. पस्तावा पाहिजे, ते काम सोडलं पाहिजे, पुन्हा करणार नाही असा निश्चय पाहिजे. अन् माणसाचं काही बिघडवलं असन तर त्या माणसापाशी जाऊन त्याचं मन राजी करा लागते. देवापाशी रडून ते भागत नाही. म्या सात वर्षांत किती दारं पालथी घातली! भावजयीचे पाय धरले. शेजारणीची माफी मागतली. फक्त एका दारी गेली नव्हती.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातली दुपार, गाडी पुसदकडं येऊन राह्यलती. फाट्यावरून तांड्यावरची एक बाई चढली, कडेवर तापानं फणफणलेली नात. घाटात पोरगी ओकली. लोक ओरडले. मी बाईले बोलली, तर ते बाई म्हणे, देव पाहून राह्यला बाई. त्या एका बोलण्यानं माह्यं डोकं सटकलं. घंटी मारली अन् दोघींले चिंचेखाली उतरवलं. पुसद तिथून नऊ किलोमीटर.

हे मीच एकदा मास्तरांले सांगतलं होतं. आता माह्याजवळ उत्तर तयार होतं. मी म्हटलं, मास्तर, वहीतच लिहून हाय की तौबा म्हणजे आपला गुन्हा विसरून जाणं. मी विसरली.

"ते कोणासाठी लिहून हाय?" मास्तर म्हणाले. "ज्याच्या मनात देव एवढा भरला की दुसऱ्या कशाले जागा नाही, त्याच्यासाठी. त्याच्याच वरच्या ओळीत काय हाय? गुन्हा डोळ्यांपुढून हलू देऊ नको. ते नव्या माणसासाठी हाय. ते तुह्यासाठी हाय. वरची ओळ गाळून खालची वाचते, अन् तुले वही पाहिजे?"

साऱ्यांसमोर बोलले. सलीलसमोर बोलले. मी उठली, चपला घातल्या, अन् म्हटलं, सात वर्षं पहिल्याच मकामावर उभं ठेवलं तुम्ही मले, ठेवा ती वही तुमच्या उशाशी. गल्लीतून जाता जाता मी मास्तरांले मनातल्या मनात जे जे म्हटलं, ते इथं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माह्यी साप्ताहिक सुट्टी होती. बारा वर्षांपूर्वीच्या त्या गाडीचा ड्रायव्हर अमरसिंग होता, त्याच तांड्यावरचा. त्याले फोन केला अन् रागातच विचारलं, ते बाई जित्ती हाय का. तो म्हणाला, सुखीबाई, माह्या चुलतघरातली. बारा वर्षं वाट पाहून राह्यलो तू कधी विचारशीन. त्याचाही राग आला. मग पहिल्या गाडीनं निघाली.

सुखीबाई अंगणात तुरीच्या काड्या बांधत होती. तांड्यावर आईले याडी म्हणतात. मी म्हटलं, याडी, मी ते कंडक्टर. तिनं वर पाह्यलं अन् लगेच वळखलं. पोरगी वाचली होती. सलोनी नाव, आता नर्सिंगले हाय. पण त्या दिवसानंतर सुखीबाई यष्टीत चढली नव्हती. बाजाराले पायी जाय. मी माफी मागतली, तिनं हो म्हटलं नाही अन् नाहीही म्हटलं नाही. काड्या खाली ठेवल्या, पदर खोचला अन् म्हणाली, चाल, यष्टीत बसू.

फाट्यावर दुपारची गाडी आली. बारा वर्षांनी ते पायरी चढली. मले वाटलं, सुटली बाप्पा. घाट लागला. चिंच आली तशी सुखीबाईनं कंडक्टरले गाडी थांबवाले लावली. मग माह्याकडं पाह्यलं.

"आता तू उतर."

मी उतरली. ते बसूनच राह्यली. गाडी गेली.

ऊन असं की डांबर चपलेले चिकटे. पहिले दोन किलोमीटर मी तिले शिव्या देल्ल्या, मग मास्तरांले, मग त्या हजार वर्षांपूर्वीच्या बुजुर्गाले. दोन ऑटो थांबले, दोघांले हाकललं. मधात वाटलं, आता काही तरी मनात उतरन, डोळे भरतीन, सलीलसारखं थरथरायले होईन. एवढं करून राह्यली तर देवानं एक हाल पाठवाले काय हरकत होती? काही आलं नाही. टाच पोळली, एवढंच. पाचव्या किलोमीटरले एक चप्पल तुटली अन् मी रिकाम्या हातांनी तिथंच बसली. सुखीबाईच्या कडेवर तेव्हा तापलेलं लेकरू होतं. हे मले बारा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. मग जो राग आला तो माह्यावरच आला, अन् तो बाकी साऱ्या रागांहून मोठा होता.

पुसद स्टँडवर सुखीबाई बाकावर बसून होती. तीन तास. मी येते का नाही हे पाहाले. तिनं माह्ये पाय पाह्यले, तोंड नाही पाह्यलं. उठली, परतीच्या गाडीत चढली अन् गेली. 

मी तशीच अनवाणी मास्तरांच्या ओसरीवर गेली. सारं सांगतलं. त्यांनी विचारलं, काही हाल आला का? म्हटलं, कायचा हाल, पायाले फोड आले. ते हसले. आत जाऊन चाचपडत वही आणली अन् माह्या मांडीवर ठेवली.

"वाच. दुसरा मकाम."

सात वर्षं मी त्या वहीसाठी मरत होती. उघडली. वरअ. ज्याच्यात मनाले शंका हाय, त्याले हात लावू नये. मी ती ओळ दोनदा वाचली. अन् मले स्टँडवरची सुखीबाई दिसली, काही न बोलता गाडीत चढणारी.

मी वही बंद करून मास्तरांच्या हातात परत देल्ली. म्हटलं, तिचं मन राजी झालं का नाही, मले शंका हाय. हे वही आज माह्यी नाही.

 मास्तर वही छातीशी धरून म्हणाले, पाण्यात पाय ठेव आधी.

मंगळवारी बाजाराची गाडी माह्याकडं होती, ड्रायव्हर अमरसिंग. फाट्यावर मी स्वतः खाली उतरून सुखीबाईची वाट पाहत दार धरून उभी राह्यली. लोक कटकट करून राह्यले होते, अन् अमरसिंगनं इंजिन बंद केलं.