मांजराच्या वाट्याचं ऊन

आमचे सासरे म्हणजे रहस्यपटांचे कर्दनकाळ. पडद्यावर खून पडला की प्रेत गार व्हायच्या आत ते जाहीर करणार, "भाच्यानं केलाय." आणि भाच्यानंच केलेला असतो. ते सोफ्याच्या डाव्या टोकाला बसतात, उजवी बाजू कुणाला देत नाहीत, आणि तिथल्या उशीकडे मान वळवून हा निकाल हळूच देतात. हळूच म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकाच. आमच्या त्या उशीला जगातल्या सगळ्या सिनेमांचे शेवट पाठ आहेत, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

अशा घरात राहून मला धक्का देणारा शेवट लिहायचा होता.

मी ॲनिमेशन स्टुडिओत लिहिते. म्हणजे एका बोलक्या गाजराचे संवाद लिहिते. गाजर मुलांना हात धुवायला सांगतं, लवकर झोपायला सांगतं, आणि ते जे काही सांगतं ते मी लिहिते. इतकी वर्षं झाली, आता स्वप्नातही तेच बोलतं. यंदा पहिल्यांदाच प्रमुख बाईंनी मला नव्वद सेकंदांची माझी स्वतःची फिल्म देऊ केली. अट एकच होती. त्या फिल्म दोनदा बघणार. पहिल्यांदा त्यांची विकेट पडली पाहिजे आणि दुसऱ्यांदा त्यांना वाटलं पाहिजे की सगळं समोरच होतं, आपणच बघितलं नाही. जमलं नाही तर त्या जागी गाजराचा वाढदिवस जाणार होता. मला ती फिल्म हवी होती, अगदी लहान मुलाच्या हट्टानं हवी होती.

गोष्ट मला सापडली होती. एका अरुंद गल्लीत समोरासमोर दोन इमारती. एका खिडकीत एकटा गृहस्थ. समोरच्या खिडकीतली बाई रोज सकाळी त्याच्याकडे बघून हात हलवते. तो हरखतो. तिला दिसावी म्हणून खिडकीबाहेर फुलाची कुंडी ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती आणखी जोरात हात हलवते, तो आणखी कुंड्या ठेवतो. शेवटी सगळ्यात मोठी कुंडी छातीशी धरून तो तिच्या दारात जातो. दार उघडतं आणि कळतं, की तिच्या खोलीत ऊन येतच नाही. येतं ते फक्त त्याच्या काचेवरून उलटून. ती नमस्कार करत नव्हती, कुंड्या बाजूला करा म्हणत होती.

चित्रं काढायला माझी नणंद होती. तिला स्टुडिओत सगळे खोडरबर म्हणतात, कारण ती काढते त्याच्या दुप्पट खोडते. तिनं पहिल्याच दिवशी सगळा स्टोरीबोर्ड खोडला. सूर्य बाईच्या इमारतीवरून येणार, गृहस्थाच्या काचेवर पडणार आणि तेवढाच तिरका खाली उतरणार, म्हणून त्याची खोली वरच्या मजल्यावर हवी, असं तिचं म्हणणं. मी दोघांना एकाच मजल्यावर बसवलं होतं. पहिल्या दृश्यात बाईनं एकदा तरी खरंखुरं टाटा करावं, म्हणजे प्रेक्षक पक्का फसेल, असंही मी सुचवलं. त्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"वहिनी, एकदा जरी टाटा केलं तर ते खोटं होईल. हात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखाच हलणार. तो गृहस्थ त्याला काय समजतो, हा त्याचा प्रश्न."

मग बाईला लांबूनच दाखवायचं ठरलं, त्याला दिसते तेवढीच. तिच्या कपाळावरची आठी चित्रात होती. फक्त तिळाएवढी होती.

कच्ची चित्रं आवाजासकट वेळेवर बसवून आम्ही पहिली पट्टी तयार केली आणि सोफ्यासमोर लावली. बाईच्या खिडकीत मी एक सुकत चाललेलं रोप ठेवलं होतं, आणि कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून त्याचा क्लोज-अप दिला होता. बाबांनी उशीकडे मान वळवली. "तिला ऊन मिळत नाहीये." अजून अर्धी फिल्म बाकी होती.

मी चिडून रोप काढूनच टाकलं. दुसऱ्या खेपेला बाबा खरंच चकित झाले आणि माझ्या मनात लाडू फुटले. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि ती संपल्यावर म्हणाले, "सूनबाई, हे ऊन आधी कुठं होतं? तुम्ही खिशातून काढलंत."

मी म्हटलं, सगळंच आधी दाखवलं तर तुम्ही ओळखता. ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. माणूस चुकीचं बोलला तर राग लवकर जातो. बरोबर बोलला की राहतो.

उपाय सापडला तो त्यांच्यामुळेच. संध्याकाळी ते एक विनोदी सिनेमा बघत होते आणि पोट धरून हसत होते. उशीला त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. मला एकदम जाणवलं, की विनोदी सिनेमाचा शेवट बाबा कधीच ओळखत नाहीत. हसणारा माणूस शोधत नाही. मी उठून खोडरबरला फोन लावला आणि म्हटलं, रोप नको, मांजर काढ.

मांजर बाईच्या खोलीत जमिनीवर उन्हात झोपतं. पहिल्या दिवशी ऐसपैस पसरलेलं. दुसऱ्या दिवशी पाय पोटाशी घेतलेलं. मग गोल वळलेलं. मग चारी पंजे एकत्र जुळवून, शेपूट स्वतःभोवती गुंडाळून, तोल सावरत कसंबसं उभं. उन्हाचा तुकडा आम्ही प्रत्येक वेळी पूर्ण दाखवला, अगदी मधोमध. क्लोज-अप एकही नाही. कुंडी वाढली की तुकडा लहान, तुकडा लहान की मांजर आणखी केविलवाणं. दार उघडण्याचा क्षण आम्ही थोडा अलीकडे ओढला, कारण धक्का बसल्यावर प्रेक्षकाला मागचं आठवायला सवड लागते. शेवटी गृहस्थ मांजराकडे बघतो, उन्हाची तिरीप धरून वर आपल्या खिडकीकडे बघतो, मग हातातल्या कुंडीकडे बघतो. शेवटच्या चित्रात त्याची काच मोकळी, आणि मांजर पुन्हा आडवं.

तिसऱ्या खेपेला बाबा मांजराला बघून हसायला लागले. मध्येच सवयीनं उशीकडे वळले आणि म्हणाले, "ही बाई आंधळी आहे, बघ." दार उघडलं. बाबा सोफ्यावर पुढे सरकले. पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्यांदा मांजर आलं तेव्हा ते हसले नाहीत. गृहस्थानं कुंडी ठेवली तेव्हा हसले.

"मांजर पहिल्यापासून सांगत होतं की," ते म्हणाले. मग उशीवर हात ठेवून बसून राहिले. "आज हिला शेवट सांगता आला नाही."

मला वाटलं, उशीची चेष्टा चालली आहे. मी विचारलं, बाबा, तुम्ही शेवट आधी का सांगता?

"तुझ्या सासूला शेवट माहीत नसला की धडधडायचं. पण सिनेमा तर बघायचा असायचा. मग मी आधी ओळखून तिला सांगायचो, म्हणजे ती निवांत बघायची." उशी त्यांनी जराशी सरळ केली. "सवय लागली."

माझं लग्न व्हायच्या आधीच सासूबाई गेल्या. त्या कुठे बसायच्या हे मी कधी विचारलंच नव्हतं. डावं टोक, मोकळी ठेवलेली जागा, वळवलेली मान, सगळं रोज डोळ्यांसमोर होतं. आम्ही हसत होतो.

प्रमुख बाईंनी फिल्म दोनदा पाहिली. पहिल्यांदा त्या मांजराला हसल्या, दुसऱ्यांदा गृहस्थाला, आणि तिथेच मला निकाल कळला. गाजराचा वाढदिवस पुढे ढकलला गेला. त्याची मी मनापासून क्षमा मागितली.

फिल्म टीव्हीवर लागली तेव्हा आम्ही सगळे बसलो होतो. खोडरबर जमिनीवर बसली, मी आणि नवरा खुर्च्यांवर. उजवी बाजू कुणीच घेतली नाही. बाबांना शेवट आता तोंडपाठ होता. गृहस्थ मोठी कुंडी घेऊन जिना उतरायला लागला, तशी त्यांची मान उशीकडे वळली.

"घाबरू नकोस," ते हळूच म्हणाले, "चांगला आहे. पण या वेळी तूच बघ."