दोन्हीकडून गळतंय

चाळीस वर्षं मी नळ आणि पाइप यांच्याशी संसार केला, आणि त्यातून एक गोष्ट हाडीमासी मुरली. निळा रंग बाहेर आला की काम वाईट. कमोडची टाकी गळते का हे बघायचं असेल तर आम्ही टाकीत निळा रंग टाकतो, झाकण लावतो आणि पाव तास थांबतो. खाली भांड्यात निळं दिसलं की गळती पक्की. म्हणून त्या सकाळी ऑपरेशन थिएटरात मी जे केलं त्याला लोक हसतात. हसू देत. माझ्या जागी कुठलाही प्लंबर असता तर त्यानं तेच केलं असतं.

पण आधी माझं पाप सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचे चिरंजीवही प्लंबरच. सून शाळेत गणित शिकवते. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. ऑपरेशनच्या आठ महिने आधी एका सकाळी चहा पिताना, दुसरं लग्न कर असं सुचवत, मी चिरंजीवांना म्हणालो, "जुनी लाईन किती दिवस ठोकत बसणार? नवी टाकून मोकळा हो." सून दारात कपबशा घेऊन उभी होती, हे मला मागाहून कळलं. ती भांडली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून माझ्यापुढे कप ठेवायची आणि निघून जायची. एक शब्द नाही. भांडली असती तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हिशेब नीट मांडणाऱ्या बाईचं मौन फार वाईट असतं, ते दर सकाळी चहाबरोबर समोर येतं.

त्यातच तिची तपासणी सुरू झाली. डॉक्टरीणबाई बुटक्या, चटपटीत, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी मी आगाऊपणानं म्हणालो, "बाई, सरळ दुर्बीण घाला आणि नळ्या मोकळ्या करून टाका."

"काका, दुर्बीण ही काही पहिली पायरी नाही," बाई म्हणाल्या. "आधी तुमच्या मुलाची तपासणी."

"त्याला काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

"तेच बघायचंय. निम्म्या घरांत पुरुषाकडेही काही ना काही सापडतं. त्याला न तपासता हिला भूल द्यायची का?"

चिरंजीव नमुना द्यायला गेले आणि तासाभरानं हात पुसत बाहेर आले. त्या खोलीतला नळ ठिबकत होता म्हणे. यानं खिशातलं वॉशर काढून तो दुरुस्त केला आणि ज्या कामाला गेला होता ते विसरून परत आला. बाईंनी त्याला दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा पान्हे काढून घेतले. त्याचा रिपोर्ट चांगला निघाला. मग सुनेच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. बीज महिन्याच्या महिन्याला तयार होत होतं. मग गर्भाशयात रंग सोडून एक्स-रे काढला. त्यात डावी नळी मोकळी दिसली, उजवीचा काही पत्ता लागला नाही.

"एक्स-रे कधी कधी फसवतो," बाईंनी समजावलं. "नळीचं तोंड तेवढ्यापुरतं आवळलं गेलं तरी ती बंद दिसते. एरवी मी थोडं थांबले असते. पण हिला पाळीत इतकं दुखतं की ही अंथरुणाला खिळते. लहानपणी अपेंडिक्स फुटून पोट उघडलं होतं. आत काहीतरी चिकटलेलं असणार. अशा वेळी दुर्बीण घालणं योग्य. बघायचं, आणि सुधारण्यासारखं असेल ते त्याच भुलेत सुधारून घ्यायचं."

पाळी संपल्यावर, बीज सुटायच्या आतली तारीख ठरली. आदल्या दिवशी सही करायचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, नळी पाणी भरून फुगलेली आणि पार निकामी निघाली, तर ती काढून टाकावी लागेल, कारण तसली नळी पुढच्या उपचारांनाही नडते. सुनेनं दोनदा वाचून सही केली. मी कागद मागून घेतला आणि तेवढीच ओळ पुन्हा वाचली. काढून टाका म्हणणं किती सोपं असतं, हे मला नव्यानं कळत होतं.

त्या दवाखान्याची एक रीत होती. नंतर नातेवाइकांनी "आत काय केलंत?" म्हणून वाद घालू नये, म्हणून एका माणसाला थिएटरात दाराशी उभं करून पडद्यावर सगळं दाखवायचे. कोणाला, ते पेशंटनं लिहून द्यायचं. चिरंजीवांना रक्त बघून घेरी येते, त्यामुळे आमची ही तयार होऊन बसली होती. सिस्टरनं कागद वाचला आणि विचारलं, "सासरे कोण?"

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मला हिरवा झगा चढवला, डोक्याला टोपी, पायांत पिशव्या. पेशंट चादरींखाली झाकलेली, मला फक्त पडदा दिसत होता. शेजारी यंत्रांची गाडी आणि तिला लागून एक सिलिंडर. पोटात गॅस भरून ते फुगवतात, म्हणजे दुर्बिणीला आत बघायला जागा मिळते. गर्भाशयात खालून छोटी दुर्बीण घालून आधीच बघितलं होतं, आत सगळं साफ होतं. आता बेंबीतून दुसरी घातली होती.

"काका, हे गर्भाशय," बाई म्हणाल्या. "ही डावी नळी. आणि उजवी बघा."

उजवी नळी आतड्याला चिकटून वाकडी झाली होती. पातळ पापुद्र्यांनी तिला जखडून ठेवलं होतं.

"पाइप चांगला आहे, मोडून बसलाय," माझ्या तोंडून गेलं.

"अगदी बरोबर. जुन्या अपेंडिक्सची कृपा." बाईंनी बारीक कात्रीनं एकेक पापुद्रा सोडवला. इतक्या हळू हातानं मी आजवर कुणाला पाइप सोडवताना बघितलं नाही. मग गर्भाशयामागे शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळपट ठिपके दिसले. "गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर नको तिथे रुजलाय. दुखणं यामुळेच होतं," म्हणत त्यांनी ते जाळून टाकले. पाच वर्षं सून दर महिन्याला दोन दिवस आडवी पडायची आणि मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायचो. मला तिथेच लाज वाटली. टोपीखाली कान तापले.

जागा धुताना आत साठलेलं पाणी बाईंनी ओढून घेतलं. "आता रंग सोडा," त्यांनी मदतनिसाला सांगितलं. त्यानं खालून गर्भाशयात निळं औषध सोडलं. डावी नळी निळसर झाली, आणि तिच्या झालरीसारख्या टोकातून भसकन निळं पाणी पोटात सांडलं.

"फुटली!" मी ओरडलो. "लीक आहे! मेन बंद करा!"

कोणी हलेना. चाळीस वर्षांची सवय. गळती दिसली की विचार नंतर, व्हॉल्व्ह आधी. दोन ढांगांत मी गाडीपाशी गेलो आणि सिलिंडरचं चाक फिरवून टाकलं.

यंत्र केकाटायला लागलं. पाण्याबरोबर गॅसही ओढला गेला होता, नवा येईना, तसं पोट खाली बसायला लागलं आणि पडद्यावर सगळं जवळ जवळ येऊन गर्दी झाली. भूलतज्ज्ञ उठून उभे राहिले. "हा माणूस कोण आहे?"

"सासरे," सिस्टर म्हणाली आणि तिनं माझी कॉलर धरली.

बाईंचे हात होते तिथेच स्थिर. "काका, चाक उलटं फिरवा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि नीट ऐका. तुमच्या टाकीतून बाहेर आलं तर वाईट. इथे बाहेर यायलाच हवं. रंग बाहेर पडला म्हणजे नळी मोकळी आहे."

मी चाक उलटं फिरवलं. पोट पुन्हा वर आलं. सिस्टरनं कॉलर सोडली नाही.

उजवीकडे मात्र काहीच येत नव्हतं. सगळा रंग डावीकडूनच सांडत होता. मला राहवेना. मान अडकलेली असतानाच मी म्हणालो, "बाई, पाणी सोप्या वाटेनं पळतंय. डावी मुळाशी जरा दाबून धरा."

मास्कवरचे बाईंचे डोळे हसल्यासारखे झाले. "तेच करतेय काका. तुम्ही फक्त चाकाला हात लावू नका."

त्यांनी चिमट्यानं डावी नळी मुळाशी हलकेच धरली. मदतनिसानं पुन्हा रंग सोडला. काही नाही. अजून काही नाही. मग उजव्या टोकाशी एक निळा थेंब दिसला, मागोमाग दुसरा, आणि मग धारच लागली.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. डोक्याला टोपी, पायांत पिशव्या, डोळ्यांत पाणी. "दोन्हीकडून गळतंय!" मी ओरडलो. आमची ही मटकन खाली बसली. चिरंजीव रक्त न बघताच बेशुद्ध पडले. त्यांना उठवून खरं काय ते समजवायला सिस्टरला दहा मिनिटं लागली आणि तोवर माझी कॉलर तिच्या हातात होती.

दुपारी सून शुद्धीवर आली. खांदा दुखतो म्हणाली. पोटातल्या उरल्यासुरल्या गॅसमुळे तसं होतं, एक-दोन दिवसांत जाईल, लघवी निळी-हिरवी झाली तरी घाबरू नका, असं सिस्टर सांगून गेली. चिरंजीव औषधं आणायला गेले. मी स्टुलावर बसलो.

"बाबा," ती म्हणाली. आठ महिन्यांनी. "मेन बंद केलात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

मी खाली मान घातली. "माझं नाव का लिहिलंस?"

"जुनी लाईन काढून टाका म्हणत होतात ना," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं आधी बघून तरी घ्या."

तिनं डोळे मिटले, मग उघडले. "डॉक्टर म्हणाल्या, नळ्या मोकळ्या झाल्या म्हणजे मूल होईलच असं नाही. आता वर्षभर वाट बघायची. नाही झालं तर? तेव्हा काय म्हणाल?"

"चुकलो म्हणेन," मी म्हणालो. "आत्ताही म्हणतो. चुकलो, पोरी. मूल होवो न होवो."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "पाणी द्या."

मी तांब्याकडे झेपावलो, तेवढ्यात सिस्टर दारातून ओरडली, "दोन तास पाणी नाही!" चाळीस वर्षं मी परक्यांच्या घरात पाणी आणून दिलं, आणि माझ्या घरच्या पोरीनं मागितलं तर दोन तासांची मनाई. मी पेला भरला, दोन्ही हातांत धरला आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलो. चिरंजीव आले, आमची ही आली, दोघं म्हणाली पेला खाली ठेवा. मी ठेवला नाही.