दोघींच्या नावावर

लुर्दस परेरा आयुष्यात फारसं खोटं बोलली नव्हती. त्यामुळे वेळ आली तेव्हा ती अगदीच कच्ची निघाली.

झालं असं, की ठाण्यातल्या ज्या खासगी हॉस्पिटलात ती डायलिसिस टेक्निशियन होती, त्यांनी रत्नागिरीला नवं सेंटर काढलं आणि आठ महिन्यांसाठी तिला तिकडे धाडायचं ठरवलं. राहायची सोय तिकडे होती. प्रश्न होता कोलशेतच्या भाड्याच्या फ्लॅटचा. आई त्याच घरात वारली, त्याला चार वर्षं झाली होती. घर सोडवत नव्हतं आणि बंदही ठेववत नव्हतं. ड्यूटीवरून येऊन अंधाऱ्या घराचं कुलूप काढायचा तिला उबग आला होता, आणि आठ महिन्यांनी परत येऊनही तेच करायचं होतं. हॉस्पिटलातली नर्स रुचिता मोहन्याहून रोज ये-जा करून मेटाकुटीला आली होती. तिला घरात ठेवायचं, असं लुर्दसनं मनाशी पक्कं केलं.

पण भाडेकरारात स्पष्ट लिहिलेलं, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कुणालाही ठेवता येणार नाही. मालकीण म्हणजे कोपरच्या हौसाबाई. लुर्दसनं फोन लावला.

"परकं माणूस नको हं बाई," हौसाबाई म्हणाल्या. "नात्यातलं असेल तर बोल."

"नात्यातलीच आहे मावशी. भाची माझी," लुर्दस बोलून गेली.

"मग रविवारी घेऊन ये. आधार कार्ड आणायला सांग."

आधार कार्डावर नाव चांगलं ठळक छापलेलं असतं, हे आमच्या शहाणीला फोन ठेवल्यावर सुचलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती रुचिताला घेऊन कोपरला गेली. हौसाबाईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. "रुचिता धोंडिबा शेलार. ही तुझी भाची कशी गं? बहिणीनं लव्ह मॅरेज केलं का?"

वाट आयती मोकळी होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. रुचिता पायाच्या अंगठ्यानं लादी कोरत बसली होती.

"मला बहीण नाही," लुर्दस म्हणाली. "भाऊ नाही. कुणीच नाही मावशी. मी खोटं बोलले."

'कुणीच नाही' असं कुणासमोर ती पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि ते स्वतःच्या कानांनी ऐकून तिला रडू आलं. हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"सरळ सांगायचंस की," मग त्या म्हणाल्या. "आता ऐक. तू रत्नागिरीला, ही इथं. उद्या काही झालं तर पोलीस मलाच विचारणार. राहणाऱ्याचं नाव कागदावर पाहिजे. नवा करार करू, दोघींच्या नावावर. पण नाव लागलं की घर तिचंही तुझ्याएवढंच. परत आलीस नि तिला ऊठ म्हणालीस, असं चालायचं नाही."

लुर्दसला घर सांभाळायला माणूस हवं होतं, घर वाटून घ्यायला नव्हे. तांब्यातलं पाणी तिनं घोट घोट करत संपवलं.

"लावा नाव," ती शेवटी म्हणाली.

कराराच्या नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन कोपरलाच आला. जन्मभर भांडी घासून झिजलेला हौसाबाईंचा अंगठा मशीनला तीनदा कळेना, तेव्हा त्यांनी मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. करार नोंदला गेला, रुचिताची माहिती पोलिसांना कळवली, एक प्रत सोसायटीत दिली. लुर्दस रत्नागिरीला गेली.

तिथं दिवस कामात जायचा. संध्याकाळी फोन कुणाला करायचा हा प्रश्न पडायचा. मग गॅसवाला आला का, बेसिनचा नळ गळतोय का, असलं काहीतरी काढून ती रुचिताला फोन करायची. नळ ठणठणीत होता, हे तिलाही माहीत होतं.

तिसऱ्या महिन्यात दोन दिवस सुट्टी मिळाली. न कळवताच ती कोलशेतला आली. तिन्हीसांज झाली होती आणि खिडकीत दिवा होता. दारासमोर तिनं पर्समधून किल्ली काढली, पण आत माणूस असताना किल्ली फिरवायचा धीर होईना. तिनं बेल दाबली.

"अय्या, ताई! या ना, बसा," रुचिता म्हणाली आणि पाणी आणायला धावली.

खुर्ची दुसऱ्या भिंतीला गेली होती. पडदा नवा होता. आपल्याच घरात लुर्दस पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि तिला चांगलंच वाईट वाटलं. 'अगं, घर माझं आहे' हे अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात रुचितानं स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, तुमच्या चपात्या किती टाकू?"

लुर्दस खुर्चीत मागे सरकून नीट बसली. चार वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"ताई, किती?" रुचितानं पुन्हा विचारलं.

"तीन," लुर्दस म्हणाली, आणि आवाज आतपर्यंत पोचला नसेल म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "तीन टाक गं."