वाटीची कड

काळेवाडीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गोरक्षने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली, आणि बहिणीकडे, स्वरूपाकडे, असं पाहिलं की बघ, उगाच सुट्टी खर्ची घालायला लावलीस.

दीड महिन्यापूर्वी त्यांचे वडील, मारुतराव, चाकणच्या चौकात टेम्पोखाली गेले होते. टेम्पोवाला पोलिसांपुढे रडत सांगत होता, "आजोबांनी माझ्याकडं सरळ बघितलं साहेब, आणि बघत बघत पुढं आले." कुणाचाच विश्वास बसला नाही. स्वरूपाचा बसला. वडिलांना काचबिंदू होता. समोरचं पेपरातलं बारीक अक्षर ते अखेरपर्यंत वाचत. बाजूचं मात्र सगळं गेलेलं होतं. ते बघत असतील टेम्पोच्या बाजूच्या रसवंतीकडे; कडेचा टेम्पो त्यांना दिसलाच नसेल.

"रक्ताच्या नात्यात असतो हा आजार, भावालाही घेऊन या," असं वडिलांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टर भोंडवे गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या. स्वरूपाने आधी स्वतःचे डोळे तपासून घेतले. ते चांगले निघाले. गोरक्षला आणायला मात्र दिवस घालून झाल्यावरही महिना गेला. तो चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. आज शिफ्ट आहे, उद्या ओव्हरटाइम आहे, परवा माणूस नाही.

"आमची वरसाची मेडिकल हुती की," तो आता निशिगंधाला सांगत होता. निशिगंधा तपासण्या करणारी मुलगी. "कँटीनच्या मागं गाडी येती. धा-धा जण लायनीत उभे. पुढचा वाचतो ते मागच्याला ऐकू येतं. आमच्याकडं शेवटची ओळ सगळ्यांला पाठ हाय, हनुमान चालिशीवाणी."

"इथली ओळ वेगळी आहे दादा," निशिगंधा हसली. "ती तुम्ही खरीच वाचलीत."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या झाल्यावर निशिगंधाने त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि आतल्या पडद्याचे फोटो काढले. त्याआधी एका अंधाऱ्या खोलीत त्याला एका डोळ्यावर पट्टी लावून बसवलं होतं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. बाहेर येऊन तो म्हणाला होता, "ते मशीन मधनंच बंद पडतंय. बराच येळ काही लागतच नव्हतं. मी गप बसून राह्यलो."

निशिगंधा तेव्हा हसली नव्हती. स्वरूपाने ते पाहिलं. यंत्र बंद पडलेलं नव्हतं.

डॉक्टर उत्कर्षा भोंडवे रावेतच्या. बोलणं सरळ, घाई नाही. त्यांनी गोरक्षच्या उजव्या डोळ्याचा फोटो पडद्यावर मोठा केला. केशरी जमीन, तिच्यावर लाल शिरांच्या वाटा, आणि सगळ्या वाटा जिथून फुटतात तिथे एक फिकट गोल.

"ही नस. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी. दहा-बारा लाख तंतू इथे एकत्र येतात आणि आत वळतात. ते वळतात म्हणून मध्ये एक खळगा असतो, वाटीसारखा. तो सगळ्यांनाच असतो. त्याच्याभोवती गुलाबी कड दिसायला हवी. ती कड म्हणजे तंतू." त्यांनी पेन्सिलीचं टोक खालच्या बाजूला नेलं. "इथे बघा. कड जवळजवळ नाहीच. शीर येते आणि काठावरून खाली उतरल्यासारखी वाकते. डाव्या डोळ्यातही खालूनच सुरुवात झालीय. डोळ्यातलं प्रेशरही दोन्हीकडे वाढलेलं आहे."

"पण मला दिसतंय ना, मॅडम. दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"दुखत नाही हीच तर पंचाईत. आणि मधली नजर शेवटी जाते. तक्ता फक्त मधलीच तपासतो. कडेचे तंतू मरतात तेव्हा तिथे काळा डाग दिसत नाही. एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो, आणि दोन्ही डोळ्यांचं एकाच जागचं गेलं, तर आजूबाजूचं बघून मेंदू तिथे काहीतरी भरतो. भिंत असेल तर भिंत. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय." त्यांनी तपासणीचा कागद पुढे केला, वरच्या अर्ध्या भागात काळ्या चौकटी दाटल्या होत्या. "खालचे तंतू गेले की वरचं दिसत नाही. आत सगळं उलटं पडतं ना. गाडी चालवताना वर काही लागलं का एवढ्यात?"

गोरक्ष म्हणाला, "शटरला मास्ट घासला गेल्या महिन्यात, गाडीचा पुढचा उभा खांब. वॉचमननं शटर निम्मंच वर केलं हुतं. मी लई शिव्या दिल्या त्याला."

"पूर्ण वर होतं?"

"त्यो म्हणत हुता."

तरी तो मान हलवत राहिला. त्याच्या हाताखालची दोन पोरं मालाच्या उंच रॅकांमधून फिरत असतात हे स्वरूपाला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आबांचा फोटो आहे ना तुमच्याकडे? पहिला."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरमध्ये शोधलं. चार वर्षांपूर्वी मारुतराव एकटेच चष्म्याचा नंबर काढायला इथे आले होते, तेव्हाचा फोटो. तीच वाटी, तशीच खालून झिजलेली कड. कुणी सांगितलं नसतं तर दोन्ही फोटो एकाच माणसाचे वाटले असते.

"तेव्हा त्यांनीही शेवटची ओळ वाचली होती. मी औषध दिलं, रोज रात्री एक थेंब, कायम."

"आबा म्हणालेले," गोरक्ष म्हणाला, "बाटली संपली, कोर्स झाला. खोकल्याच्या औषधागत."

डॉक्टरांनी दुसरा फोटो लावला. गेल्या वर्षी स्वरूपा त्यांना घेऊन आली तेव्हाचा. आता गुलाबी काही उरलं नव्हतं. सगळा गोल पांढराफटक, शिरा काठाला लोटलेल्या. घरात हार घातलेल्या तसबिरीत वडील हसत होते. त्या तसबिरीपुढे स्वरूपा रडली नव्हती. इथे तिने डोळे पुसले.

गोरक्ष फोटोकडे बघत राहिला. "गेलं ते परत येतं का?"

"नाही. उरलंय ते राखायचं. थेंब रोज, आणि प्रेशर उतरलं नाही तर ऑपरेशन. आणि फोर्कलिफ्ट आजपासून नाही. कंपनीच्या डॉक्टरांना कळवावं लागेल. मी लिहून देते."

बाहेरच्या बाकावर बसून त्याने सुपरवायझरला, उद्धवरावांना, फोन लावला. "राव, पोट बिघडलंय. आज न्हाई जमत." फोन ठेवला.

"उद्या काय सांगशील दादा?"

"उद्या पण पोट."

"परवा?"

"एकवीस वरसं गाडीवर हाय मी. पोरीचं कॉलेज हाय. गाडी सोडून काय करू, झाडू मारू?"

"वरचा मालाचा पॅलेट आला कुणाच्या डोक्यावर तर?"

"तू गप बस."

आत कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. गोरक्षने तळहातांनी तोंड झाकलं. मग फोन तिच्या मांडीवर टाकला. "तूच सांग. माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं."

तिने नंबर लावला. स्वतःचं नाव, नातं, आजाराचं नाव, गाडी चालवता येणार नाही हे, सगळं एका श्वासात सांगितलं. पलीकडे आधी मशिनींचा आवाज, मग उद्धवरावांचा.

"काय म्हणाला?"

"दुसरं काही काम देता येईल का, वरती विचारून बघतो म्हणाले."

"म्हंजे न्हाईच."

"माहीत नाही दादा. मला खरंच माहीत नाही."

थेंबांमुळे त्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. जिन्याशी ऊन आलं तशी त्याने मान खाली घातली.

"पायरी आहे," ती म्हणाली.

"दिसतीय मला," तो म्हणाला, आणि पायाने चाचपडून मगच उतरला.